आरती अर्धी येणाऱ्यांसाठी : बुलढाण्यातल्या सोसायटीची एक आरती

आजचा विषय तसा छोटा आहे. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात संध्याकाळी साताठ वाजता लोक जमतात, ताटात निरांजन लागतं आणि आरती सुरू होते. त्या घोळक्यात पहिलीतलं पोर असतं, ऐंशीच्या घरातल्या आजी असतात, नुकतेच बदलीवर आलेले बँकेतले गृहस्थ असतात आणि भाड्याने राहणारं हिंदी बोलणारं एखादं कुटुंबही असतं. या सगळ्यांना मिळून म्हणता येईल अशी साधी मराठी आरती कशी असते आणि नवी रचायची झाली तर ती कशी रचावी, हे आज आपण इतिहासाच्या आधाराने पाहणार आहोत. उदाहरण घेऊ बुलढाणा जिल्ह्याचं, आणि शेवटी एक आरती ओळ न ओळ तपासून बघू.

आधी शब्दापासून सुरुवात करू. आरती हा शब्द संस्कृतातल्या 'आरात्रिक' या शब्दावरून आला. देवापुढे दिवा ओवाळणे हा त्याचा अर्थ. त्याच विधीला 'नीराजन' असंही नाव आहे, आणि आपण ज्या पितळी दिव्याला निरांजन म्हणतो ते नाव तिथलंच. म्हणजे मुळात आरती ही कृती आहे, गाणं नंतर आलं. दिवा ओवाळायला जितका वेळ लागतो तितका वेळ भरून काढणारं हे गाणं आहे. पुढे गाण्यालाच आरती म्हणू लागले. पण मूळची ती मर्यादा गाण्यात राहिलीच : हातात ताट आहे, वाती जळताहेत, कापूर विझायच्या आत संपायला हवं.

मराठीत आरत्या रचणारी मंडळी मोठी आहेत. विठ्ठलाच्या आरतीत नामदेवांचं नाव येतं. दत्ताची प्रसिद्ध आरती संत एकनाथांची मानली जाते. ज्ञानदेवांच्या आरतीत रामा जनार्दनाची मुद्रा आहे. आणि ज्या आरतीशिवाय महाराष्ट्रात गणपती बसत नाही, ती 'सुखकर्ता' ही आरती परंपरेनं समर्थ रामदासांची, म्हणजे सतराव्या शतकातली. रामदासांचा काळ १६०८ ते १६८१. साडेतीनशे वर्षांपूर्वीची रचना आज साठ फ्लॅटच्या सोसायटीत पाठ म्हटली जाते. यामागे श्रद्धा आहेच, पण रचनेची काही युक्तीही आहे. ती युक्ती समजून घ्यायला हवी.

ती आरती डोळ्यांसमोर आणा. तीन कडवी आहेत. प्रत्येक कडव्याला चार ओळी. चारही ओळींचा शेवट सारख्या ध्वनीनं करण्याकडे कल आहे, आणि पहिल्या कडव्यात तर तो अगदी चोख साधलाय. प्रत्येक कडव्यानंतर तेच दोन ओळींचं ध्रुपद येतं. आणि शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा. इतकाच सांगाडा आहे. पण या सांगाड्याला तीन दारं आहेत. ज्याला सगळं पाठ आहे तो कडव्यातून आत येतो. ज्याला काहीच येत नाही तो ध्रुपदातून येतो, कारण ते दर मिनिटाला परत येतं. आणि ज्याला अर्धं येतं तो यमकातून येतो. पहिली ओळ 'ची' नं संपली, दुसरी संपली, की तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'ची' येणार हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि ते तिथे बरोब्बर मोठ्यानं ओरडतं. कुठल्याही मंडपात कान देऊन ऐका. कडव्याच्या मध्यावर आवाज बारीक होतो, ओळीच्या टोकाला मोठा होतो आणि ध्रुपदाला मंडप दणाणतो. आरती ही अर्धी येणाऱ्यांना सामावून घेण्यासाठीच अशी घडलेली आहे, असं आमचं म्हणणं आहे.

हे नीट कळायला एक तुलना करू. आपल्याकडे लोक एकत्र जमून देवाचं म्हणतात त्याचे बरेच प्रकार आहेत, आणि प्रत्येकात ऐकणारा आणि म्हणणारा यांचं नातं वेगळं असतं.

शेगावचं उदाहरण घ्या. गजानन महाराज शेगावात प्रकटले ते १८७८ साली आणि त्यांनी समाधी घेतली १९१० साली. त्यांचं चरित्र 'श्रीगजाननविजय' दासगणूंनी १९३९ साली लिहिलं. एकवीस अध्याय, सगळे ओवीत. बुलढाणा जिल्ह्यात हा ग्रंथ घराघरात आहे. त्याचं पारायण होतं तेव्हा बहुतेक वेळा एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ओवी त्यासाठी उत्तम आहे, ती गोष्ट पुढे नेते, थांबत नाही. पण ओवीला ध्रुपद नाही. मध्येच आलेल्या माणसाला तिच्यात शिरायला जागा नाही. तो ऐकू शकतो, एवढंच.

दुसरं उदाहरण मेळ्यांचं. १८९३ साली टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली आणि पाठोपाठ पुण्यात मेळे उभे राहिले. एकसारखा पोशाख केलेली मुलं, तरुण, ठेक्यावर पदं म्हणत निघायचे. पदं सोपी, चाली लोकांच्या ओठावरच्या. पण मेळा तालमीनं बसवलेला असे. म्हणणारे वेगळे, बघणारे वेगळे. आजच्या सोसायटीतला 'सांस्कृतिक कार्यक्रम' हा त्या मेळ्याचाच नातू म्हणायला हरकत नाही.

तिसरं उदाहरण आपल्या वऱ्हाडचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. त्यांनी खंजिरीवर भजनं म्हटली आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची शिस्त लावली : ठरलेली वेळ, सगळ्यांनी रांगेत बसायचं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. म्हणजे आपल्या भागातल्या आजीआजोबांच्या पिढीला एकत्र म्हणायची सवय आधीपासून आहे. शब्द साधे असले आणि ठेका पक्का असला तर ही पिढी पटकन सूर धरते.

आरती या तिन्हींपेक्षा वेगळी पडते ती एका गोष्टीनं. आरतीत श्रोता नसतो. मंडपात उभा असलेला प्रत्येक जण निदान टाळी वाजवून तरी तिच्यात असतोच. म्हणून आरती 'छान झाली' का हे ठरवायला चालीची गोडी किंवा गाणाऱ्याचा गळा हे निकष पुरत नाहीत. किती जण गप्प उभे होते, हे बघावं लागतं.

आता गप्प कोण राहतं आणि का, ते बघू. पहिलं कारण शब्द. जुन्या आरत्यांत लांब समास आहेत. 'सुखकर्ता' मधला 'फणिवरबंधना' हा शब्द घ्या. फणिवर म्हणजे मोठा नाग, आणि तो ज्याच्या कमरेला बांधलेला आहे तो गणपती. अर्थ सुंदर आहे, पण मुलांना तो कुणी सांगत नाही. मग ते 'फळीवर वंदना' म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गणपती फळीवर बसलेला असतोच, त्यामुळे त्यांना ते पटतंही! तसंच 'संकटी' चं 'संकष्टी' होतं, कारण संकष्टी चतुर्थी घरात दर महिन्याला ऐकू येते. 'दीपज्योती' चा 'दीपक जोशी' झालेला तर आपण सगळ्यांनी ऐकलाय. या चुकांना हसायला हरकत नाही, पण त्यांत एक नियम दिसतो. न कळलेल्या शब्दाच्या जागी मूल ओळखीचा शब्द बसवतं, आणि अक्षरांची संख्या जवळपास तीच ठेवतं. म्हणजे त्याला ठेका बरोबर कळलेला असतो, शब्द कळलेला नसतो. नवी आरती रचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं : ठेका शिकवावा लागत नाही, शब्द मात्र ओळखीचे द्यावे लागतात.

दुसरं कारण चाल आणि पट्टी. पूर्वी आरतीची चाल घरोघर वेगळी असे. आता ध्वनिफितीवरची चाल सगळीकडे पोचली आहे, आणि स्पीकरवर तीच लावून लोक सोबत म्हणतात. अडचण अशी की ध्वनिमुद्रणातली पट्टी त्या गायिकेच्या गळ्याची असते. ती उंच जागेवर गेली की आजीआजोबा तिथे थांबतात. आवाज नसल्यामुळे त्यांना आरती येत नाही असं इतरांना वाटतं. येत सगळं असतं, पोचत नसतं.

तिसरं कारण आपल्या जिल्ह्याशी बांधलेलं आहे. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलताबोलता करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. वर जालन्याकडची बोली कानावर येते, खाली वऱ्हाडी, आणि मलकापूरच्या बाजूला खानदेशाची छटा. खामगाव, मलकापूर या कापसाच्या बाजारपेठा, तिथे मारवाडी, गुजराती घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. नोकरीनिमित्त ही सगळी माणसं बुलढाण्याच्या एका कॉलनीत, एका जिन्यात येतात. प्रत्येकाची आरतीची चाल घरून आलेली. मग एकाच ओळीला तीन ठिकाणी तीन वळणं लागतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याची चाल टिकते. बाकीचे हळूहळू गप्प होतात.

इथेच नव्या आरतीची गरज निर्माण होते. जुन्या आरत्या काढून टाकायच्या नाहीत, त्या म्हणायच्याच. पण एक आरती अशी हवी की जिची चाल कुणाच्याच घरून आलेली नाही, त्यामुळे सगळे एका रेषेवरून सुरुवात करतात. हिंदी भाषक शेजाऱ्यांनाही ती दुसऱ्या दिवशी येते.

आता ती रचू. देवता गणपती, कारण उत्सव त्याचा. मापासाठी फार लांब जायला नको. आपल्या अभंगाचं एक जुनं माप आहे, ज्याला मोठा अभंग म्हणतात. त्यात पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. वारकरी घरात वाढलेल्या कानाला सहा अक्षरांचा तुकडा अंगवळणी पडलेला आहे. आणि हा जिल्हा वारकऱ्यांचा आहे. शेगावची पालखी पायी पंढरपूरला जाते. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. चोखोबांच्या घरात पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. ज्या घराला देवळाच्या आत प्रवेश नव्हता, त्या घरातल्या बाईनं, पोरानं, पाहुण्यानं रचलेले अभंग आपल्यापर्यंत आले. त्या अभंगांचे शब्द छोटे आहेत, बोलण्यातले आहेत, आणि हे आपल्याला इथे उपयोगाचं आहे.

तर आपली ओळ सहा अधिक सहा, बारा अक्षरांची. चार ओळींचं कडवं, तीन कडवी, दोन ओळींचं ध्रुपद. आरती अशी :

देवा गणराया, दिवा हा तेवू दे,
लहान थोरांना सोबत गाऊ दे. (ध्रुपद)

कापूस पिकला, वात ही वळली,
आजीच्या हातांनी तुपात भिजली,
नातीच्या डोळ्यांत ज्योत ती हसली,
अंगण उजळे, काळजी सरली.

घाटावरचे हे, घाटाखालचे ते,
एका जिन्यामध्ये जुळले हे नाते,
कुणी दूध देते, कुणी साद देते,
तुझ्या मंडपात सारे घर होते.

पाऊस पडावा, विहीर भरावी,
आजोबांची काठी हळूच धरावी,
चुकली वाट ती पुन्हा सापडावी,
एवढी मागणी, देवा, पुरवावी.

आता ही तपासू. पहिल्या कडव्याचं यमक 'ली', दुसऱ्याचं 'ते', तिसऱ्याचं 'वी'. कडव्यागणिक यमक बदलतं, पण कडव्याच्या आत बदलत नाही. त्यामुळे दोन ओळी ऐकल्या की तिसरीचं टोक मुलांच्या हाती येतं. शब्द बहुतेक दोन-तीन अक्षरांचे. पाच अक्षरी शब्द दोनच, 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे', आणि ते इथल्या माणसाच्या रोजच्या तोंडचे आहेत. हीच आरती नाशकात किंवा ठाण्यात म्हणायची असेल तर ही ओळ तिथे चालणार नाही, तिथली ओळ घालावी. जोडाक्षरं आहेत, पण 'च्या', 'झ्या', 'ळ्यां' अशी. ती मुलांना बोलण्यातूनच येतात. 'त्र', 'क्ष', 'द्ध' अशी जड जोडाक्षरं टाळली. म्हणूनच ध्रुपदात 'एकत्र गाऊ दे' न घेता 'सोबत गाऊ दे' घेतलं. अक्षरं तेवढीच, जीभ मात्र अडखळत नाही.

आशयातली एक निवडही सांगायला हवी. तिसऱ्या ओळीत 'नातीच्या हातात ज्योत' हे सहज सुचतं आणि मापातही बसतं. पण आपण जे गातो ते मुलं करायला जातात. लहानग्याच्या हातात पेटतं निरांजन देणं सोसायटीच्या गर्दीत धोक्याचं. म्हणून ज्योत डोळ्यांत ठेवली आणि ताट मोठ्यांच्या हातात. ओळ त्यानं बिघडली नाही, उलट बरी झाली असं आम्हांला वाटतं.

आणि एक वगळलेली गोष्ट : नाममुद्रा. जुन्या कवीनं शेवटी आपलं नाव घातलं ते भक्त म्हणून, दास म्हणून. सोसायटीच्या आरतीत मात्र अध्यक्ष, सचिव, वर्गणीदार यांची नावं घालायचा मोह होतो. तो आवरावा. दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि मग ते कडवं कुणी म्हणायचं यावरून वाद सुरू होतो. त्या जागी सगळ्यांची मागणी ठेवली : पाऊस, विहीर, म्हाताऱ्या माणसाला आधार.

आता गायचं कसं? ठेका आठ मात्रांचा, भजनातला साधा ठेका. सहा अक्षरांचा एक तुकडा आठ मात्रांत बसवायचा : पहिली पाच अक्षरं एकेका मात्रेची, सहावं अक्षर तीन मात्रा लांबवायचं. का – पू – स – पि – क – लाऽऽ. इथे एक बारकावा आहे. बोलताना आपण 'कापूस' मधला शेवटचा 'स' तोकडा उच्चारतो. गाताना तो पूर्ण म्हणायचा, नाहीतर मात्रा रिकामी पडते. अभंग म्हणणाऱ्या आजींना हे सांगावं लागत नाही, मुलांना एकदा सांगावं लागतं. तसंच 'घाटावरचे' मध्ये 'र' सुटा म्हणायचा. लांबवलेल्या सहाव्या अक्षरावर श्वास घ्यायला जागा मिळते. वयस्कर माणसांसाठी ती जागा फार महत्त्वाची. दम लागला की माणूस ओळ सोडतो, आणि एकदा सोडली की पुढची धरायला कचरतो.

टाळी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला. म्हणजे एका ओळीला आठ टाळ्या. लय साधारण मिनिटाला शहाण्णव मात्रांची ठेवली तर एक ओळ दहा सेकंदांत होते. चार ओळींचं कडवं आणि दोन ओळींचं ध्रुपद मिळून एक मिनिट. सुरुवातीला ध्रुपद एकदा आणि मग तीन कडवी धरली तर सगळी आरती सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते. जुन्या चार-पाच आरत्यांच्या सोबतीला ही जोडली तरी ताट धरणाऱ्याचे हात भरून येत नाहीत.

चाल पाच स्वरांत बसवावी, 'सा' पासून 'प' पर्यंत. पहिल्या दोन ओळी एकाच चालीवर, 'सा' पासून 'ग' पर्यंत फिरणाऱ्या. तिसरी ओळ 'प' ला जाऊन येणारी. चौथी पुन्हा 'सा' वर उतरणारी. ध्रुपद 'ग' च्या आसपास राहू द्यावं, कारण तिथे सगळ्यांचा आवाज सहज निघतो. पेटी असेल तर 'सा' पांढरी एक ते काळी दोन यांच्या दरम्यान धरावा. मुलं आणि बायका त्या सप्तकात म्हणतात, पुरुष आपोआप एक सप्तक खाली म्हणतात. पेटी नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. सुरुवात करणाऱ्यानं आधी तिसरी ओळ मनात म्हणून बघावी. ती ओढाताण न करता निघाली तर पट्टी बरोबर आहे.

शिकवताना उत्तरेकडची एक युक्ती उसनी घेता येते. 'जय जगदीश हरे' ही हिंदी आरती एकोणिसाव्या शतकात पंजाबातल्या श्रद्धाराम फिल्लौरी यांनी रचली. ती म्हणताना ओळ दोनदा म्हणायची रीत आहे. त्यामुळे ज्याला येत नाही त्याला दुसरी संधी लगेच मिळते. आपल्या आरतीला पहिले तीन दिवस हेच करावं. एकानं ओळ सांगावी, सगळ्यांनी परत म्हणावी. पहिल्या दिवशी ध्रुपद आणि पहिलं कडवं, दुसऱ्या दिवशी दुसरं, तिसऱ्या दिवशी तिसरं. चौथ्या दिवसापासून सलग. दहा दिवसांच्या उत्सवात सलग म्हणायला सात संध्याकाळ उरतात, आणि त्या पुरतात. ओळ सांगायचं काम एखाद्या आठवी-नववीतल्या मुलीला द्यावं. तिचा आवाज लहानांना जवळचा वाटतो आणि मोठ्यांना तिच्या मागून म्हणायला संकोच वाटत नाही.

बिघडतं कुठे, तेही बघू. सगळ्यांत जास्त वेळा लय चढते. याला एक ऐतिहासिक कारण आहे. आरत्यांच्या शेवटी आपण 'घालीन लोटांगण' म्हणतो. ती एक रचना नाही. पहिलं कडवं मराठी, त्यात नामदेवांचं नाव. पुढचे श्लोक संस्कृत, त्यांतला एक भागवत पुराणातला, एक अच्युताष्टकातला. वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या वृत्तांतले तुकडे एकामागून एक लागले आहेत. प्रत्येक तुकड्यागणिक लय वाढते, मुलं स्वतःभोवती गिरक्या घेतात, शेवटी नुसता जल्लोष असतो. तिथे ते शोभतंही. पण मुलांना पुढची ती मजा दिसत असते, म्हणून ती आधीच्या आरत्याही पळवायला लागतात. ओळखायचं कसं? ओळीच्या टोकाचं यमक मुलं टाळीच्या आधी म्हणायला लागली की समजावं लय चढली. उपाय ओरडण्याचा नाही. मुलांच्या हातात टाळ असतील तर ते दोन आजोबांच्या हाती द्यावेत. ठेका थोरांच्या हातात आला की लय जागेवर येते.

दुसरी खूण आवाजाच्या चढउताराची. पहिल्या दिवशी ध्रुपद मोठ्यानं आणि कडवी बारीक ऐकू येणारच, ते चांगलंच आहे. पण पाचव्या दिवशीही तेवढाच फरक असेल तर शब्द अवघड आहेत किंवा पट्टी चुकली आहे. फक्त तिसऱ्या ओळीवर आवाज पडत असेल तर पट्टी. सगळ्या कडव्यात पडत असेल तर शब्द. मग त्या कडव्यातला अडणारा शब्द बदलून टाकावा. नवी आरती आहे, ती अजून कुणाच्या श्रद्धेत रुतलेली नाही, तोवर बदलायला मोकळीक आहे. दोन-तीन उत्सव झाले की ती मोकळीक संपते, मग लोक एक अक्षर हलवू देणार नाहीत.

आणि या सगळ्याला एक मर्यादाही आहे. सोपेपणासाठी आपण बरंच सोडलंय. 'फणिवरबंधना' सारख्या एका शब्दात जे चित्र उभं राहतं, ते आपल्या बारा अक्षरांत नाही. शिवाय ही आरती गणपतीच्या रूपाचं वर्णन करत नाही. जुन्या आरतीत शेंदूर आहे, मुकुट आहे, पैंजण आहेत. देवाकडे बघत म्हणायचं ते गाणं आहे. आपली आरती देवाकडे पाठ करून नाही, पण एकमेकांकडे बघत म्हणायची आहे. म्हणून ती जुन्या आरतीच्या जागी नको. जुनी आधी म्हणावी, ही नंतर. आणि उत्सवातल्या एखाद्या दुपारी मुलांना बसवून जुन्या आरतीतल्या पाच-सहा शब्दांचे अर्थ सांगावेत. फळीवरच्या गणपतीच्या कमरेला नाग बांधलेला आहे हे कळलं की पोरं तो शब्द पुन्हा कधी चुकत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी एवढंच सांगू. आरती पाठ नसल्यामुळे मागे उभा राहणारा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. कधी तो नवा भाडेकरू असतो, कधी दुसऱ्या बोलीचा असतो, कधी दात गेलेले आजोबा असतात. आपल्या पूर्वजांनी ध्रुपद, यमक आणि टाळी अशी तीन दारं त्याच्यासाठी ठेवली होती. नवी आरती रचताना ती तिन्ही उघडी आहेत ना, एवढं तपासावं. आजचं व्याख्यान इथे थांबवू.